मोटरवर लोड कमी, तरी कार्बन भराभर का संपतात?

गळीत हंगाम सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की कुठल्या ना कुठल्या साखर कारखान्यातून मला ठरलेला फोन येतो. "साहेब, मिलच्या डीसी मोटरचे कार्बन गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट वेगानं संपायला लागलेत. आणि लोड तर निम्म्यावर आहे."

प्रश्न अगदी रास्त आहे. गाडीत पोती कमी भरली तर बैल कमी थकतो, मग मोटरवर ओझं कमी असताना तिचे कार्बन जास्त का झिजावेत? बहुतेक जण अशा वेळी माल हलका आला असं ठरवतात आणि दुसऱ्या दुकानातून दुसरे कार्बन मागवतात. तेही संपतात. मग कॉम्युटेटरवर पॉलिश पेपर मारला जातो आणि दुखणं आणखी वाढतं. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत हेच करत होतो.

या कोड्याचं उत्तर तांब्यावर धरणाऱ्या एका थरात आहे. तो थर इतका पातळ असतो की बोटाला लागत नाही, पण रंगावरून ओळखता येतो.

## कार्बन आणि कॉम्युटेटर नेमकं काय करतात

डीसी मोटरच्या फिरत्या भागाला आर्मेचर म्हणतात. त्यावरच्या गुंडाळ्यांत वीज पोचवायची तर फिरत्या वस्तूला तार जोडता येत नाही, पीळ पडून ती तुटेल. म्हणून आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्या गोलाकार रचून एक पिंप बनवलेलं असतं. हा कॉम्युटेटर. दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाची पातळ पट्टी असते, साधारण पाऊण ते एक मिलिमीटरची. शॉपमध्ये तिला मायकाच म्हणतात. या पिंपावर स्प्रिंगनं दाबून ठेवलेले काळे चौकोनी ठोकळे म्हणजे कार्बन ब्रश. स्थिर तारेतली वीज कार्बनमधून फिरत्या तांब्यात उतरते.

पण कार्बनचं खरं अवघड काम वेगळंच आहे. आर्मेचरची प्रत्येक गुंडाळी कार्बनखालून सरकत जाते तेव्हा तिच्यातल्या प्रवाहाची दिशा उलटायची असते. अलीकडे येताना एका दिशेनं वाहणारा प्रवाह, पलीकडे जाताना उलट दिशेनं. पुढे ज्या मोटरचा हिशोब मांडणार आहे तिच्यात या उलथापालथीला जेमतेम दीड मिलिसेकंद मिळतो. तेवढ्या वेळात ती गुंडाळी कार्बनमधूनच शॉर्ट झालेली असते. प्रवाह वेळेत उलटला नाही, तर गुंडाळी कार्बनखालून बाहेर पडताना ठिणगी उडते. मोटरमधले इंटरपोल नावाचे छोटे ध्रुव उलटण्याला मदत करतात, पण शेवटचा वाटा कार्बन आणि तांबं यांच्यामधल्या स्पर्शाचा असतो.

सुरुवातीच्या डायनॅमोंना तांब्याच्या तारांचे किंवा जाळीचे ब्रश असत. तांबं विजेचं उत्तम वाहक, म्हणून त्या शॉर्ट झालेल्या गुंडाळीत प्रवाह मोकाट फिरायचा आणि ठिणग्यांचा नुसता पाऊस पडायचा. जॉर्ज फोर्ब्स यांनी १८८५ मध्ये ब्रशसाठी कार्बनचं पेटंट घेतलं. कार्बन तांब्यापेक्षा वाईट वाहक, आणि नेमकं तेच कामी आलं. स्पर्शाच्या जागी थोडा अडथळा असला की शॉर्ट गुंडाळीतला मोकाट प्रवाह दबतो. आजही चांगल्या कार्बनच्या स्पर्शात प्रत्येक बाजूला साधारण एक व्होल्ट खर्ची पडतो. तो वाया जातो असं समजू नका, ठिणगी दाबण्याची ती किंमत आहे.

## बिडाचा तवा आठवा

नव्या बिडाच्या तव्यावर पहिलं घावन टाकलं की ते चिकटतं. तेल लावून, तापवून, पुन्हा तेल लावून तव्यावर काळसर तुळतुळीत थर धरला की घावन आपसूक सुटतं. मग घरात कोणी नव्यानं आलेलं उत्साहानं तो तवा चोथ्यानं घासून लख्ख करतं आणि आजी कपाळाला हात लावते.

कॉम्युटेटरचं तंतोतंत असंच आहे. मोटर चालू लागली की तांब्यावर हळूहळू एक थर धरतो. तळाशी तांब्याचा ऑक्साइड, त्यात मिसळलेली कार्बनमधली ग्रॅफाइटची पूड आणि वर हवेतल्या बाष्पाचा अतिसूक्ष्म लेप. या तिन्हीच्या मिळून झालेल्या थराला फिल्म म्हणतात. केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही ती पातळ असते. रंग फिक्या बदामीपासून गडद चॉकलेटीपर्यंत कुठलाही चालतो. रंग कोणता आहे यापेक्षा तो सगळीकडे सारखा आहे का, हे बघायचं असतं.

फिल्म दोन कामं करते. ती वंगण आहे, तिच्यामुळे कार्बन तांब्यावर घासत नाही, सरकतो. आणि वर सांगितलेला विजेचा थोडा अडथळा मुख्यतः तीच देते.

यात बाष्पाचा वाटा किती मोठा, हे दुसऱ्या महायुद्धात कळलं. उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन काही तासांत भुकटी होऊन संपायला लागले. जमिनीवर तेच कार्बन महिनोन् महिने टिकत. जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की ग्रॅफाइट मुळात एकट्याच्या गुणावर घसरडं नाही, त्याला बाष्प लागतं. उंचावरच्या कोरड्या हवेत ते मिळत नव्हतं. हवेत दर घनमीटरमागे ८ ते १५ ग्रॅम बाष्प असलं की फिल्म सुखानं राहते, दोन ग्रॅमच्या खाली गेलं की कार्बनची पूड होते. महाराष्ट्रात सहसा हवा इतकी कोरडी होत नाही. आपला त्रास उलट बाजूचा असतो, त्याबद्दल शेवटी.

## लोड कमी म्हणजे तवा तापतच नाही

आता मूळ प्रश्न. फिल्म धरायला बाष्प लागतं, ग्रॅफाइट लागतं, आणि स्पर्शातून पुरेसा प्रवाहही लागतो. प्रवाहानं स्पर्शाची जागा तापते आणि तांब्यावर ऑक्साइड धरतो. घासणीनं फिल्मचा काही अंश सतत निघून जात असतो आणि प्रवाहाच्या जोरावर तो पुन्हा भरून येत असतो. प्रवाह फार कमी झाला की निघणं चालू राहतं आणि भरणं थांबतं. मंद आचेवर ठेवलेल्या तव्यासारखं. घावन चिकटतंच.

इथे मोजायचा आकडा एकूण अँपिअर नव्हे, कार्बनच्या दर चौरस सेंटिमीटरमागचे अँपिअर. याला प्रवाहाची घनता म्हणू. मोठ्या औद्योगिक मोटरांत बहुतेक वेळा इलेक्ट्रोग्रॅफाइट जातीचे कार्बन असतात. त्यांना ही घनता साधारण ८ ते १२ असावी लागते. चार-पाचच्या खाली ती दिवसेंदिवस राहिली की फिल्म तुटायला लागते.

तुटण्याचा क्रम ओळखता येतो. आधी सगळीकडे सारख्या असलेल्या रंगात उजळ पट्टे दिसू लागतात. त्या पट्ट्यांत तांबं उघडं पडलेलं असतं. उघड्या तांब्याचे बारीक कण सुटतात आणि कार्बनच्या तोंडात रुतून बसतात. आता कार्बन राहिला नाही, कानस झाली. ती तांब्यावर बारीक, धाग्यांसारख्या रेघा ओढते. याला थ्रेडिंग म्हणतात. बंद मोटरच्या कॉम्युटेटरवरून, सप्लाय पूर्ण काढून, आडवं नख फिरवलं तर खरखर लागते. तिथेही कोणी लक्ष दिलं नाही, तर कार्बनच्या रुंदीचे खड्डे पडतात. मग लेथशिवाय इलाज नाही.

आणखी एक गुंता आहे. तांबं तापलं की त्याचा विजेला होणारा अडथळा वाढतो, ग्रॅफाइटचा मात्र तापल्यावर कमी होतो. म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या पाच कार्बनपैकी एक जरा जास्त तापला, तर त्याचाच मार्ग सोपा होतो आणि तो आणखी प्रवाह ओढतो. बाकीचे चार जवळजवळ बसून राहतात. लोड कमी असताना हा पक्षपात सर्वांत जास्त दिसतो. एकाला जळण्याइतका प्रवाह, बाकीचे उपाशी, आणि झिजतात सगळेच.

## एका मोटरचा हिशोब

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यातली मोटर घेतो. ३०० किलोवॉट, ४४० व्होल्ट, पाटीवर पूर्ण लोडचा प्रवाह ७४० अँपिअर. चार ध्रुव, म्हणून कार्बन धरणारे चार दांडे, दोन धन आणि दोन ऋण. प्रत्येक दांड्यावर पाच कार्बन. कार्बनचं तोंड २५ गुणिले ३२ मिलिमीटर, म्हणजे ८ चौरस सेंटिमीटर.

प्रवाह धन दांड्यांवरून आत जातो आणि ऋण दांड्यांवरून बाहेर येतो. म्हणून हिशोबात एकाच बाजूचे कार्बन धरायचे. दोन दांडे, दहा कार्बन, ८० चौरस सेंटिमीटर. पूर्ण लोडला ७४० भागिले ८०, म्हणजे सव्वानऊ. मोटर बनवणाऱ्यानं अगदी योग्य मापाचे कार्बन दिले होते. (दहाच्या जागी वीसही कार्बन धरून "घनता तर फारच कमी" असं म्हणणारे मी पाहिलेत. ही चूक नेहमी होते.)

पण ही मोटर पुढच्या विस्ताराचा विचार करून मोठी घेतलेली होती आणि विस्तार झालाच नव्हता. रोजच्या नोंदवहीत प्रवाह २८० ते ३४० च्या दरम्यान, कधी मिल चोंदली तर थोडा वेळ ४५०. सरासरी ३०० धरला तर घनता पावणेचार. तीन वर्षं ही मोटर उपाशी चालली होती. पहिलं वर्ष जुन्या फिल्मच्या पुण्याईवर निघालं, दुसऱ्या वर्षी पट्टे आले, तिसऱ्या वर्षी कार्बनचा एक संच दीड महिनाही पुरेना.

प्रत्येक कार्बनच्या पिगटेलला, म्हणजे त्याच्या वेणीसारख्या तारेला, डीसी मोजणारा टाँग टेस्टर लावून पाहिला. साधा एसीचा टाँग टेस्टर इथे काहीच दाखवत नाही, हॉल सेन्सरवाला लागतो. आणि हे मोजमाप चालू मोटरवर, उघड्या ४४० व्होल्टशेजारी करायचं असतं. रबरी हातमोजे आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय हात घालू नये. एका दांड्यावरच्या पाच कार्बनमध्ये साधारण तीस-तीस अँपिअर दिसायला हवे होते. एकात नव्वदच्या वर, दोघांत मिळून पन्नास आणि उरलेल्या दोघांत काट्याची थरथर.

उपाय ऐकून तिथले फोरमन माझ्याकडे बघतच राहिले. प्रत्येक दांड्यावरचे दोन कार्बन काढून टाकायचे.

काढल्यावर एका बाजूला सहा कार्बन उरले, ४८ चौरस सेंटिमीटर. ३०० अँपिअरला घनता सव्वासहा, मिल चोंदून ४५० झाले तर साडेनऊच्या आत. फिल्मला पुरेसं खाद्य मिळालं. काढताना एक पथ्य पाळावं लागतं, ते म्हणजे चारही दांड्यांवरून सारखेच आणि त्याच ओळीतले कार्बन काढायचे. एका दांड्यावरून तीन आणि दुसऱ्यावरून एक असं केलं तर प्रवाहाची वाटणी बिघडते. काढलेल्या ओळीखालचं तांबं झिजत नाही, त्यामुळे काही वर्षांनी तिथे बारीकसा उंचवटा दिसेल. पुढच्या वेळी लेथवर घेतलं की तो जातो.

पण नुसते कार्बन काढून ती मोटर सुधारली नसती. कॉम्युटेटर आधीच खरवडलेला होता, आणि त्यावरून अभ्रकाकडे यावं लागतं.

## तांबं झिजतं, अभ्रक मागे राहतं

जुन्या वाड्याचा लाकडी जिना पाहिला असेल. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट होतात, पण लाकडातल्या गाठी झिजत नाहीत. त्या वर येऊन पायाला टोचतात. कॉम्युटेटरवर तांबं म्हणजे लाकूड आणि अभ्रक म्हणजे गाठ. अभ्रकाची पट्टी तांब्यापेक्षा हळू झिजते. तांबं शतांश मिलिमीटर खाली गेलं की अभ्रक तेवढं वर राहतं, आणि कार्बन प्रत्येक पट्टीगणिक त्यावर आपटून उडतो. या मोटरच्या कॉम्युटेटरचा व्यास ३५० मिलिमीटर, फेरे मिनिटाला हजार. पृष्ठभाग सेकंदाला अठरा मीटरच्या वर पळतो. त्या वेगात कार्बन एकदा उडाला की खाली येईपर्यंत पुढच्या काही पट्ट्या निघून गेलेल्या असतात. कार्बन आणि तांब्यामध्ये जी फट राहते तिच्यातून प्रवाह ठिणगी होऊन उडी मारतो.

म्हणून अभ्रक तांब्याच्या पातळीपासून खाली कोरून काढतात. यालाच अंडरकटिंग किंवा मायका कटिंग म्हणतात. खोली किती? अभ्रकाच्या जाडीएवढी किंवा तिच्या दीडपटीपर्यंत, म्हणजे या आकाराच्या मोटरला एक ते दीड मिलिमीटर.

आर्मेचर बाहेर काढून आधी लेथवर घेतलं. अगदी हलके काप, रेघा जाईपर्यंतच, कारण काढलेलं तांबं परत येत नाही आणि कॉम्युटेटरचा किमान व्यास ठरलेला असतो. नंतर डायल लावून फिरवून पाहिलं, पूर्ण फेऱ्यात दोन ते तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग कोरणी. छोटी गोल करवत लावलेलं हातातलं मशीन असतं, पण तिथल्या वाइंडरनं हॅक्सॉ ब्लेड घासून स्वतः बनवलेलं हत्यार वापरलं. अभ्रकाच्या जाडीला बेतशीर, एका टोकाला आकड्यासारखं वाकलेलं. १८५ फटी होत्या, दोन माणसांना दीड दिवस लागला.

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात. फट वरून बघताना स्वच्छ दिसते, पण तांब्याच्या कडेला चिकटून अभ्रकाचा एक कागदासारखा पापुद्रा उभा राहिलेला असतो. हत्यार फटीच्या मधोमध चाललं, कडेला लागलं नाही, की तो राहतो. कार्बनला उडवायला तेवढा पुरतो. बॅटरी फटीच्या रेषेत तिरपी धरून भिंगातून पाहिलं तर पापुद्रा काचेसारखा चमकतो. त्या १८५ फटींपैकी अकरा फटींत तो सापडला. हात चांगला होता, तरीही अकरा.

त्यानंतर प्रत्येक पट्टीची धार मारायची. तांब्याच्या दोन्ही कडांना पाव ते अर्ध्या मिलिमीटरचा पंचेचाळीस अंशाचा उतार द्यायचा. धार तीक्ष्ण राहिली तर ती कार्बनला किसणीसारखी खाते, आणि तांब्याची बारीक जीभ ओढली जाऊन फटीवर आडवी पडते. अशा जिभा वाढत गेल्या की पट्ट्या एकमेकींना शॉर्ट होतात. शेवटी कडक ब्रशनं फटी झाडून व्हॅक्यूमनं ओढून घ्यायच्या. कॉम्प्रेसरची हवा मारली तर तांब्याचा कीस वाइंडिंगच्या आत जातो, आणि तिथून तो मेगरला, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरला, दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो.

"मग तीन मिलिमीटर खोल कोरलं तर? पुन्हा पाच वर्षं बघायला नको." हे मला दर ओव्हरहॉलिंगला कोणी ना कोणी सुचवतं. खोल आणि अरुंद फटीत कार्बनची पूड साचते आणि तेलाच्या वाफेनं घट्ट बसते. कार्बनची पूड वाहक असते. म्हणजे इन्सुलेशन काढून त्या जागी आपणच वाहक भरल्यासारखं होतं. उथळ फटीतली पूड फिरतानाच बाहेर फेकली जाते.

आणखी एक सवय सोडायला हवी, ती आरशासारख्या चमकीची. फार गुळगुळीत तांब्यावर फिल्म धरत नाही, तिला पकडायला बारीक खडबडीतपणा लागतो. अगदी शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरनं मारण्याचा मोह टाळावा. आणि एमरी पेपर तर कॉम्युटेटरच्या आसपासही नको. त्याची कठीण पूड कार्बनच्या तोंडात रुतते आणि फटींत बसते. घासायचंच असेल तर कॉम्युटेटर स्टोन किंवा साधा सँडपेपर.

## "त्यापेक्षा चांगल्या ग्रेडचे कार्बन घ्या की"

ग्रेड म्हणजे कार्बनची जात आणि कृती. मुख्य घराणी चार. जुन्या पद्धतीचे कडक कार्बन, जे थोडे घासतात आणि जुन्या, मंद मशिनांत चालतात. इलेक्ट्रोग्रॅफाइट, म्हणजे २५०० अंशांच्या वर भाजून कार्बनचं ग्रॅफाइट केलेले, औद्योगिक डीसी मोटरांचा नेहमीचा माल. राळेनं बांधलेले ग्रॅफाइट, ज्यांच्या स्पर्शात जास्त व्होल्ट पडतात आणि म्हणून ते अवघड उलथापालथीच्या मशिनांना उपयोगी. आणि तांबं मिसळलेले, कमी व्होल्ट आणि प्रचंड प्रवाहासाठी, म्हणजे इलेक्ट्रोप्लेटिंगच्या जनरेटरला. तांब्याचा कार्बन ४४० व्होल्टच्या मोटरला लावणं म्हणजे १८८५ च्या मागे जाणं. मापात बसतो म्हणून कोणी लावतं, आणि दोन तासांत ठिणग्यांचं कडं दिसतं.

या चारांतली निवड सोपी आहे. अवघड निवड असते ती इलेक्ट्रोग्रॅफाइटच्या आतल्या पन्नास ग्रेडमधली. तिथे स्वस्त-महाग किंवा कडक-मऊ बघून भागत नाही. काही ग्रेड फिल्म पटकन धरवतात, काही तिला मुद्दाम थोडी घासून पातळ ठेवतात. हवेत गंधकाचे वायू असतील तर फिल्म काळी, जाड होत जाते, तिथे घासणारा ग्रेड हवा. लोड कायम कमी असेल तर कमी घनतेवरही फिल्म टिकवणारा हवा. ही दोन्ही दुखणी एकाच मोटरला असतील तर आधी हवा सुधारा, म्हणजे मोटर थंड करणाऱ्या ब्लोअरचं तोंड सल्फर भट्टीच्या बाजूला आहे का ते बघा. ग्रेडनं हे दोन्ही एकाच वेळी साधत नाही.

म्हणून कार्बन विकणाऱ्याला नुसतं माप आणि मोटरची पाटी पाठवू नका. खरा चालू प्रवाह, फेरे, कॉम्युटेटरचा व्यास आणि फिल्मचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो पाठवा. पाटीवरचे ७४० अँपिअर कळवले की तो ७४० साठीचा ग्रेड देणार, आणि त्यात त्याची चूक नाही. आणि एकाच मोटरवर दोन ग्रेड कधीही नकोत. ज्याचा अडथळा कमी तो सगळा प्रवाह ओढून घेईल.

आमच्या मोटरला ग्रेड आम्ही बदललाच नाही. घनता जागेवर आल्यावर आधीचाच ग्रेड नीट चालला.

## "स्प्रिंग ढिली केली तर झीज कमी होईल ना?"

पेन्सिल कमी दाबली तर शिसं कमी झिजतं, म्हणून हे पटण्यासारखं वाटतं. पण कार्बन दोन तऱ्हांनी झिजतो, घासून आणि जळून. दाब कमी केला की घासणं थोडं कमी होतं आणि ठिणगीनं जळणं कितीतरी वाढतं. स्थिर मोटरांना दर चौरस सेंटिमीटरमागे १८० ते २५० ग्रॅम दाब लागतो. आपल्या ८ चौरस सेंटिमीटरच्या कार्बनला २०० च्या हिशोबानं १ किलो ६०० ग्रॅम.

मोजायला फार काही लागत नाही. कार्बनच्या खाली कागदाची पट्टी सरकवा, स्प्रिंगच्या टोकाला ताणकाटा अडकवून वर ओढा आणि कागद अलगद सुटेल त्या क्षणाचा आकडा लिहा. सगळे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. त्या मोटरवर ते ९०० ग्रॅमपासून १ किलो ७०० पर्यंत पसरलेले होते. तापून मेलेल्या सात स्प्रिंगा बदलल्या. प्रवाहाच्या पक्षपाताला त्यांचाही हातभार होताच.

नवे कार्बन बसवताना त्यांचं तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईला बसवावं लागतं. सँडपेपर कॉम्युटेटरभोवती, खरखरीत बाजू कार्बनकडे करून गुंडाळायचा आणि मोटरच्या फिरण्याच्या दिशेनंच ओढायचा. दोन्ही दिशांनी घासलं तर तोंड जास्त गोल होतं आणि कार्बन मधोमधच टेकतो. मग पूड झटकून, हलक्या लोडवर काही तास चालवून, हळूहळू नेहमीच्या लोडवर आणायचं. चार दिवसांनी तांबं फिकं बदामी झालं, तीन आठवड्यांनी सारखं तपकिरी. राहिलेल्या हंगामात पुन्हा कार्बन बदलावे लागले नाहीत.

## "एसी मोटर बसवून मोकळं का होत नाही?"

बरेच कारखाने होताहेत. नवी मिल उभी करताना आज कोणी डीसीचा विचार करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण चालू अवस्थेतली ३०० किलोवॉटची डीसी मोटर काढायची म्हणजे नवी मोटर, नवा ड्राइव्ह, केबल, पाया, कपलिंग सगळंच आलं. ज्यांच्याकडे तेवढे पैसे पुढच्या दोन-तीन हंगामांत नाहीत त्यांना आहे ती नीट चालवावीच लागते.

## पावसाळ्याचे सहा महिने

हंगाम संपला की मोटर थांबते आणि कार्बन कॉम्युटेटरवर टेकलेलेच राहतात. जूनमध्ये हवा ओली होते. ओलाव्यात तांबं आणि ग्रॅफाइट एकत्र आले की तिथे बारीकशी बॅटरी तयार होते आणि कार्बनच्या खालचं तांबं गंजतं. ऑक्टोबरमध्ये मोटर उघडली तर कॉम्युटेटरवर कार्बनच्या मापाचे चौकोनी हिरवट-काळे डाग दिसतात. चालू केल्यावर कार्बन त्याच चौकोनांवर दर फेऱ्याला उडतो. गेल्या हंगामात मिळवलेली फिल्म तिथे गेलेली असते.

म्हणून मोटर थांबवताना कार्बन होल्डरमधून उचलून ठेवावेत, किंवा प्रत्येक कार्बनखाली इन्सुलेशन पेपरची पट्टी सरकवावी. मोटरमध्ये स्पेस हीटर असेल तर तो पावसाळाभर चालू ठेवावा. पट्ट्या मोजून घालाव्यात आणि आकडा लिहून ठेवावा, कारण एक पट्टी आत विसरली तर ती पहिल्याच दिवशी जळते.

त्या कारखान्यातल्या फोरमननी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं मी मागच्या ऑक्टोबरमध्ये पाहिलं. पट्ट्या १२. आठ कार्बन काढलेले, स्टोअरमध्ये डब्यात. अँपिअर सतत ५७५ च्या वर राहू लागले तर परत बसवणे.